पेन्सिल स्केच छान, पण चेहरा आईचा वाटत नाही: कुठं बिघडतं आणि कसं दुरुस्त करायचं

आईच्या साठीशांतीला तिच्या फोटोचं पेन्सिल स्केच करून फ्रेम द्यायची असं ठरतं. फोटो चांगला असतो, इंटरनेटवर सांगितलेली पद्धत अक्षरशः पाळलेली असते आणि रेषाही सुबक येतात. तरी घरातलं कुणीतरी बघून म्हणतं, “छान आहे, पण कोण आहे ही?” कधी आई दहा वर्षांनी म्हातारी दिसते, कधी काळेभोर केस पांढरे होतात, कधी कपाळावरचं कुंकूच गायब होतं. ब्लरचा रेडियस कमीजास्त करून पाच-सहा वेळा बघितलं तरी तेच घडतं, कारण दोष त्या एका आकड्यात नसतो. या पद्धतीत मुळातच काय टिकतं आणि काय पुसलं जातं, हे कळलं की दुरुस्ती हातात येते.

खालचं सगळं GIMP धरून लिहिलं आहे, कारण ते फुकट मिळतं. फोटोशॉपमध्ये पायऱ्या त्याच आहेत, फक्त मेनूंची नावं वेगळी आहेत; उदाहरणार्थ `Dodge` ऐवजी `Color Dodge` दिसेल.

आधी निदान

तयार झालेलं स्केच आणि मूळ फोटो शेजारी शेजारी उघडा आणि दोन्हींचा झूम 12.5 टक्क्यांवर आणा. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसायला हवा. आता बघा, एवढ्या छोट्या आकारात ती आई वाटते का?

छोट्या आकारात डोळ्यांच्या पापण्या, सुरकुत्या, नथीचे मोती यांतलं काहीच दिसत नाही. दिसतात ते फक्त उजेड-अंधाराचे मोठे भाग: केसांचा काळा आकार, डोळ्यांच्या खोबणीतली सावली, नाकाच्या एका बाजूचा अंधार, हनुवटीखालची छाया. तेव्हा छोट्या आकारात ओळख पटत नसेल तर मोठ्या छटा हरवल्या आहेत. छोट्या आकारात आई वाटते, पण 100 टक्क्यांवर परकी वाटते, असं असेल तर छटा ठीक आहेत आणि बिघाड डोळे, ओठ, दात किंवा सुरकुत्यांच्या रेषांत आहे. या दोन आजारांचे उपाय वेगळे आहेत. बहुतेक लोक पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध देतात, म्हणजे केस पांढरे झालेले असताना पापण्या कोरत बसतात.

छटा का हरवतात

नेहमीची पद्धत अशी: फोटो कृष्णधवल करायचा, त्याची प्रत काढून उलटी करायची, ती प्रत धूसर करायची आणि तिचा मोड `Dodge` ठेवायचा. डोळ्यांना जादू दिसते, पण आत चालतो तो साधा भागाकार:

```
स्केच = मूळ छटा ÷ आजूबाजूची सरासरी छटा × 255
```

छटा 0 म्हणजे पूर्ण काळी आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरी. गालावरचा एक बिंदू 150 आहे आणि भोवतालही 150 आहे, तर उत्तर 255, म्हणजे कोरा कागद. बुबुळाची छटा 40 आणि धूसर केल्यावर भोवतालची सरासरी 128 आली, तर उत्तर साधारण 80, म्हणजे गडद शिसं. इथपर्यंत आपल्याला हवं तसंच होतं. आता केसांच्या मधोमध जा. तिथली छटा 30 आहे आणि भोवतालीही केसच आहेत, म्हणून सरासरी 30 आणि उत्तर पुन्हा 255. काळेभोर केस कोरे पांढरे होतात ते यामुळे. गालाच्या सावलीचं, गळ्याखालच्या अंधाराचं आणि सावळ्या रंगाचंही तेच होतं.

थोडक्यात, ही पद्धत एखादा बिंदू शेजाऱ्यांपेक्षा किती गडद आहे एवढंच सांगते. तो मुळात किती गडद आहे हे ती विसरते. माणूस ओळखायला दोन्ही लागतं. म्हणून रेषांचा लेयर हे निम्मंच काम आहे. गेलेल्या छटा वेगळ्या लेयरने परत आणाव्या लागतात आणि रेषा कुठे कमी करायच्या ते हाताने ठरवावं लागतं.

उदाहरणाचा फोटो

आई पंचवटीत काळारामाच्या देवळाच्या आवारात उभी आहे. मागे काळ्या दगडाची भिंत, अंगावर हिरवी येवल्याची पैठणी, काळे केस, मोठं कुंकू, मोत्यांची नथ, किंचित हसू. फोटो मोबाईलचा, 3000 बाय 4000 पिक्सेलचा, कमरेच्या बराच खालपर्यंतचा. भेटीसाठी त्यातून खांद्यापर्यंतचा भाग कापायचा आणि 8 बाय 10 इंचाचा प्रिंट काढायचा आहे. स्केचसाठी अडचणीच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एका फोटोत आहेत.

पहिली तपासणी पिक्सेलची. `Tools > Measure` घेऊन एका बुबुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. या फोटोत ते 240 पिक्सेल आहे असं धरू. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं माप त्यावरून निघतं. माणसाचं बुबुळ या अंतराच्या साधारण पाचव्या भागाएवढं रुंद असतं, म्हणजे इथे 45 पिक्सेल. एवढ्यात डोळ्यातली चमक, पापणीची कड, बुबुळाची गोलाई सगळं मावतं.

हाच फोटो मामेभावाने व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, तर लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. मग डोळ्यांमधलं अंतर 96 उरतं आणि बुबुळ 18 पिक्सेलचं. शिवाय जेपेग दाबताना 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पडतात आणि भागाकारात ते चौकोन रेषा होऊन गालावर उमटतात. गालावर जाळी दिसली की कारण हेच समजा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. डोळ्यांमधलं अंतर 150 च्या खाली असेल आणि दुसरा फोटो मिळणारच नसेल, तर 8 बाय 10 चा हट्ट सोडून 5 बाय 7 करा. तो लहान पण ओळखू येणारा होतो.

मोबाईलची ब्यूटी सेटिंग चालू असताना काढलेला फोटो सरळ बाजूला ठेवा. त्यात डोळे मोठे, जबडा निमुळता आणि कातडी गुळगुळीत झालेली असते, म्हणजे चेहरेपट्टी स्केचच्या आधीच बदललेली असते. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. रंगीत फोटोत ते डोळे चालवून घेतात, पण रेषेत आलं की खुपतं. निदान दीड-दोन मीटरवरून काढलेला फोटो निवडा.

कुंकू आणि ओठ: कृष्णधवल करताना

इथे एक पायरी बहुतेक जण डोळे झाकून करतात. लाल कुंकवाचे आकडे साधारण असे असतात: लाल 170, हिरवा 30, निळा 40. गव्हाळ कातडीचे: लाल 180, हिरवा 130, निळा 105. लाल चॅनलमध्ये 170 आणि 180 मध्ये फरकच नाही, म्हणून तिथे कुंकू कपाळात विरघळतं आणि ओठही. हिरव्या चॅनलमध्ये 30 आणि 130, म्हणजे ठसठशीत.

म्हणून नुसतं `Desaturate` न करता `Colors > Desaturate > Mono Mixer` उघडा आणि लाल 0.3, हिरवा 0.6, निळा 0.1 ठेवा. कातडी 142 च्या आसपास येते आणि कुंकू 73 वर. हिरवा याहून वाढवला तर वांग, डाग, मुरुमांच्या खुणाही गडद होतात. तसं झालं तर लाल 0.45 आणि हिरवा 0.45 करून बघा. त्यात कातडी शांत होते आणि कुंकूही टिकतं. निळा चॅनल कमीच बरा, त्यात दाणेदार गोंगाट सगळ्यात जास्त असतो.

गोंगाटाचंही इथेच बघून घ्या. 160 छटेच्या उजळ गालावर सहा आकड्यांचा चढउतार म्हणजे जेमतेम 4 टक्के. तोच चढउतार 40 छटेच्या सावलीत 15 टक्के होतो आणि भागाकारानंतर चेहऱ्याची सावलीतली बाजू वाळू फासल्यासारखी दिसते. `Filters > Enhance > Noise Reduction` हलक्या हाताने लावा, पण आधी लेयरची प्रत काढा आणि मास्क घालून डोळे त्यातून वगळा. नाहीतर डोळ्यातला पांढरा ठिपका पुसला जातो आणि नजर विझते. तो ठिपका पाचेक पिक्सेलचाच असतो, पण साम्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

काळी भिंत, काळे केस

भिंतीची छटा 45, केसांची 30. सरासरी 37 धरली तर भागाकार 207 येतो, म्हणजे अगदी फिकट करडं. डोक्याची कड दिसतच नाही आणि चेहरा कागदावर तरंगल्यासारखा वाटतो. इथे रेडियस वाढवून काही होत नाही, कारण फरकच नाही तर रेषा कुठून येणार?

उपाय स्केचच्या आधी करायचा. कृष्णधवल फोटोखाली 220 छटेचा सपाट करडा लेयर ठेवा, फोटोला `Layer > Mask > Add Layer Mask` ने पांढरा मास्क द्या आणि मऊ काळ्या ब्रशने भिंत पुसा. केसांच्या कडेला ब्रश 15 ते 20 पिक्सेलचा घ्या आणि सुटलेल्या बटा जशा आहेत तशा राहू द्या. कात्रीने कापल्यासारखी कड आली तर केस टोपासारखे दिसतात. काम झालं की `Layer > New from Visible` करून एकसंध लेयर बनवा. यालाच पुढे ‘मूळ’ म्हणू.

रेषांचा लेयर आणि रेडियस

‘मूळ’ची प्रत काढा, `Colors > Invert` करा, मोड `Dodge` ठेवा आणि मग `Filters > Blur > Gaussian Blur` लावा. रेडियस किती? ‘10 ठेवा’ असं कुणी सांगितलं तर ते त्यांच्या फोटोपुरतं खरं असतं. आपल्या 240 अंतराच्या फोटोत 10 ठेवलं तर 45 पिक्सेलच्या बुबुळाचा मध्य स्वतःच्याच छटेने वेढला जातो आणि भागाकारात पांढरा होतो. बुबुळाची पोकळ कडी उरते आणि नजर भुतासारखी दिसते. रेडियस बुबुळाच्या निम्म्या रुंदीएवढा असला की बुबुळ भरीव राहतं. म्हणजेच डोळ्यांमधल्या अंतराचा दहावा भाग. 240 ला 24. व्हॉट्सॲपच्या 96 च्या फोटोला 9 ते 10. `Size X` आणि `Size Y` दोन्हीत तोच आकडा घाला.

`Layer > New from Visible` करून आलेल्या लेयरला ‘रेषा’ नाव द्या. मग हेच सगळं पुन्हा 6 रेडियसने करा आणि त्याला ‘बारीक’ म्हणा. ‘बारीक’ फक्त नथीचे मोती, केसांच्या बटा आणि पापण्यांसाठी आहे. 24 च्या लेयरमध्ये नथीचे मोती एकमेकांत मिसळून ओठावर काळा डाग पडतो, तिथे ‘बारीक’ कामाला येतो. दुसऱ्यांदा करताना वरचे लेयर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर ‘New from Visible’ चुकीचं चित्र उचलतं.

छटा परत आणणं

आता ‘रेषा’ आणि ‘बारीक’ सोडून बाकीचे लेयर बंद करा आणि सगळ्यात खाली पांढरा लेयर ठेवा. त्यावर ‘मूळ’ची एक प्रत, नाव ‘छटा’. तिला 24 चा ब्लर द्या, म्हणजे ती बोटाने शिसं घासल्यासारखी मऊ होते. मग `Colors > Levels` मध्ये इनपुटखालचा पांढरा त्रिकोण 255 वरून 190 च्या आसपास आणा, म्हणजे कपाळ आणि गालाचे उजळ भाग कागदाएवढे पांढरे होतील आणि फक्त सावल्या उरतील. पार्श्वभूमीचा 220 चा करडाही यात आपोआप पांढरा होतो. `Opacity` 35 ठेवा. सावळ्या चेहऱ्याला 45 लागते आणि पांढरा त्रिकोण 190 च्या वर, पण 220 च्या आत ठेवावा लागतो. सावळी आई स्केचमध्ये गोरी झाली, तर तीही ओळख हरवलेलीच असते. नातेवाईक कौतुक करतील, पण ती आई नसेल.

या ‘छटा’च्या वर ‘रेषा’ ठेवा, मोड `Multiply`. त्याच्या वर ‘बारीक’, मोड `Multiply`, काळा मास्क, आणि पांढऱ्या ब्रशने फक्त नथीचे मोती, बटा आणि पापण्या उघडा. मोत्यांवरची ‘रेषा’ पुढे मास्कने पुसा.

केसांना वेगळी वागणूक द्या. ‘मूळ’ची आणखी एक प्रत घ्या, ब्लर करू नका, मोड `Multiply`, काळा मास्क, आणि पांढऱ्या ब्रशने फक्त केस, भुवया आणि डोळ्यांची बुबुळं उघडा. `Opacity` 70 ठेवा. शंभर ठेवलं तर केसांचा काळा ठोकळा होतो आणि त्यात बटा दिसत नाहीत. केसांवर उजेड पडलेला पट्टा असेल तर तिथे ब्रश हलका चालवा. भांगाच्या रेघेवर मात्र ब्रश लावू नका, ती कोरी राहू द्या, तिच्यावरून डोक्याचा कल कळतो.

आता पुन्हा झूम 12.5 टक्के. इथे आई दिसायला हवी. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, ‘छटा’ची `Opacity` पाचपाचने वाढवत बघा.

जवळून बघताना: कुठली रेषा किती ठेवायची

भागाकाराला महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं कळत नाही. डोळ्याची वरची कड आणि गालावरची हसण्याची घडी त्याला सारखीच. चित्रकार मात्र एक ठाशीव काढतो आणि दुसरी नुसती सुचवतो. ते काम ‘रेषा’ लेयरवर पांढरा मास्क लावून, मऊ काळ्या ब्रशने, ब्रशची `Opacity` 20 ठेवून करायचं. एका फटकाऱ्यात थोडंच पुसलं जातं, त्यामुळे हात चुकला तरी निभावतं.

सुरुवात नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणाऱ्या घड्यांपासून करा. आई दहा वर्षांनी म्हातारी दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण याच घड्या. फोटोत त्या रुंद, मऊ सावल्या असतात आणि भागाकार त्यांना कडक रेघ बनवतो. त्या निम्म्यावर आणा. पूर्ण पुसू नका, कारण हसणं त्या घडीतच असतं. पुसलं तर चेहरा पुतळ्याचा होतो. डोळ्यांखालच्या रेघाही तशाच निम्म्या करा.

मग डोळे. वरच्या पापणीची कड पूर्ण गडद ठेवा. खालची निम्मी करा. दोन्ही सारख्या राहिल्या तर डोळ्यांभोवती काजळाचं कडं घातल्यासारखं होतं आणि नजर रोखल्यासारखी वाटते. आईने खरंच काजळ घातलं असेल तर अर्थात खालची कड तशीच ठेवा.

ओठांत सगळ्यात गडद जागा दोन ओठांमधली फट आणि दोन कोपरे. ओळख या कोपऱ्यांत असते, तिथे ब्रश लावूच नका. खालच्या ओठाची बाहेरची कड मात्र जवळजवळ पुसा आणि ओठाखालची छोटी सावली ‘छटा’मधून येऊ द्या.

हसू उघडं असेल तर दात. दोन दातांमधली फट भागाकारात काळी रेघ होते आणि तोंडात कवळी बसवल्यासारखी दिसते. या रेघा 30 टक्क्यांवर आणा. पुढचे दोन दात जरा स्पष्ट राहिले तरी पुरे, बाजूच्यांचा एकसंध पांढरा पट्टा होऊ द्या. दातात नैसर्गिक फट असेल, तर ती राखा. ती तिची खूण आहे. तीळ, कपाळावरचा जुना व्रण, एक भुवई किंचित वर, यांनाही हाच नियम.

चष्म्याचं एक सांगून ठेवावं लागतं. काचेवर उजेडाचा पांढरा डाग पडून डोळा झाकला गेला असेल, तर कुठल्याही फिल्टरने तो डोळा परत येत नाही, कारण फोटोत तो नाहीच. त्याच वेळी काढलेला दुसरा फोटो शोधा आणि तिथला डोळा आणून बसवा. डोक्याचा कल सारखा हवा. दुसरा डोळा उलटवून चिकटवण्याचा मोह आवरा. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात आणि घरच्यांना ते लगेच जाणवतं.

शेवटी पैठणी. जरीचे मोर आणि बुट्ट्या भागाकारात चेहऱ्यापेक्षा जास्त रेघा तयार करतात आणि बघणाऱ्याची नजर खांद्यावर जाते. गळ्याखाली ‘रेषा’ 40 टक्क्यांवर आणा आणि चित्राच्या खालच्या कडेकडे हळूहळू शून्यावर न्या. काठाचा एखादा इंच ओळखू आला की पैठणी कळते.

पेन्सिलऐवजी पेंटिंग हवं असेल

तैलरंगाच्या फिल्टरमध्ये छटा आपोआप टिकतात, त्यामुळे तिथे पहिला आजार फारसा होत नाही. दुसरा मात्र हमखास होतो, कारण सगळ्या चित्राला एकच ब्रश लागतो. `Filters > Artistic > Oilify` मधला `Mask Radius` साडीला शोभेल एवढा ठेवला की 45 पिक्सेलच्या बुबुळात जेमतेम दोन-चार फटकारे मावतात आणि डोळ्याचा चिखल होतो.

रंगीत फोटोच्या तीन प्रती करा. खालच्या प्रतीला 12, मधलीला 6, वरचीला 3. मधल्या लेयरला काळा मास्क देऊन चेहरा आणि हात उघडा. वरच्या लेयरला काळा मास्क देऊन डोळे, नाकपुड्या, ओठांची फट, कुंकू आणि नथ उघडा. मास्कच्या कडा मऊ ठेवा, नाहीतर डोळ्यांभोवती मुखवट्यासारखी चौकट दिसते. मग वर पेन्सिलचा ‘रेषा’ लेयर `Multiply` मोडमध्ये 15 ते 20 `Opacity` ने टाका. हरवलेल्या कडा सावरतात आणि तो पेन्सिलचा आहे हे कुणाला कळत नाही.

प्रिंटला देताना

खांद्यापर्यंत कापल्यावर आपल्या फोटोची रुंदी साधारण 1520 पिक्सेल उरते, म्हणजे 8 इंचांना 190 पिक्सेल प्रति इंच. स्केचला हे पुरतं. मोठं करायचंच असेल तर `Image > Scale Image` सगळ्या कामाच्या आधी करा, नंतर नाही. नंतर मोठं केलं तर रेषाही फुगतात आणि कागदाचा पोत टाकला असेल तर तोही ताणला जातो. आधी मोठं केलं तर डोळ्यांमधलं अंतर पुन्हा मोजा आणि रेडियस नव्याने काढा. कापतानाच प्रमाण 4 बाय 5 ठेवा, नाहीतर लॅबमध्ये डोक्यावरचा किंवा बाजूचा भाग छाटला जातो.

स्क्रीनवर उत्तम दिसणारं स्केच लॅबमधून मळकट करडं येतं, ही तक्रार नेहमीची. फोटो लॅबचं यंत्र प्रत्येक चित्राचा उजेड आपोआप सारखा करायला बघतं. बहुतांश पांढरं चित्र त्याला जास्त उजेड पडलेला फोटो वाटतं, म्हणून ते सगळं गडद करतं. काउंटरवर स्पष्ट सांगा: “करेक्शन करू नका, जशी फाइल आहे तशीच काढा.” आधी 4 बाय 6 चा एक नमुना काढून घ्या, तो दिवसाच्या उजेडात बघा आणि मग मोठा काढा. रंगीत फोटोच्या कागदावर शुद्ध करडा रंग किंचित निळसर किंवा हिरवट उतरू शकतो. तो टाळायला फाइलमध्येच अगदी हलकी उबदार छटा द्या. `Colors > Color Balance` मध्ये लाल 4 आणि पिवळ्याकडे 6 एवढं पुरे. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर पेन्सिल कधीच पेन्सिल वाटत नाही.

फ्रेम करताना 8 बाय 10 च्या प्रिंटला चारी बाजूंनी 2 इंचांचा माउंट घालून 12 बाय 14 ची फ्रेम बनवून घ्या. माउंट नसेल तर कागद थेट काचेला टेकतो आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत चिकटतो. मग तो काढताना शाई काचेवरच राहते. माउंट पांढराशुभ्र न घेता साईच्या रंगाचा घ्या, कारण शुभ्र माउंटशेजारी स्केचचा कागद पिवळट दिसायला लागतो. मूळ फाइल लेयरसकट `.xcf` मध्ये जपून ठेवा. कार्यक्रम झाल्यावर मावशी आणि आत्या लहान आकाराची प्रत मागतीलच, आणि 5 बाय 7 च्या प्रतीत ‘बारीक’ लेयर बंद करून ‘छटा’ 5 टक्क्यांनी वाढवावी लागते.